भरीत पार्टीचा बेत आणि ‘हो, आणि’चा सराव

हे प्रकरण जळगावातल्या एका हौशी गटाचं आहे. गटात 12 जण होते: एक शाळेतल्या शिक्षिका, एक वकील, किराणा दुकान चालवणारे एक काका, सिव्हिलमध्ये काम केलेली एक नर्स, कॉलेजात शिकणारा एक मुलगा, आणि बाकी असेच आपापल्या कामातून संध्याकाळी वेळ काढून येणारे. कॉलनीच्या स्नेहसंमेलनात त्यांना संहितेशिवाय 20 मिनिटांचा विनोदी कार्यक्रम करायचा होता. प्रेक्षकांकडून एखादी जागा मागायची, एखादं नातं मागायचं आणि तिथल्या तिथे प्रसंग उभा करायचा, म्हणजे ज्याला इम्प्रोव्ह म्हणतात ते. यातल्या बहुतेकांनी राज्य नाट्य किंवा कॉलेजच्या एकांकिका केलेल्या होत्या. पाठांतर चोख, आवाज खणखणीत, रंगमंचाची भीती नाही. सराव घ्यायला मला बोलावलं होतं.

पहिल्या दिवशी काही न शिकवता मी त्यांना एक प्रसंग करायला सांगितलं. जागा भुसावळ स्टेशन, नातं अनोळखी प्रवाशांचं. शिक्षिकाबाई दोन्ही हातांत काहीतरी जड धरल्यासारखं करत आल्या. कॉलेजच्या मुलाने विचारलं, “काकू, एवढा मोठा केळीचा घड घेऊन कुठे निघालात?” बाई म्हणाल्या, “घड कुठला रे? नातू आहे माझा!” सगळे खो खो हसले. मुलगा मागे हटणारा नव्हता. “नातू आहे तर हिरवा कसा?” पुन्हा हशा. “हिरवा नाहीये, तुझे डोळे बिघडलेत!” आता जरा कमी हशा. त्यानंतर दोघे एकमेकांकडे बघत उभे राहिले. अजून मिनिटही झालं नव्हतं आणि हातात घड आहे की बाळ, दोघांपैकी वेडा कोण, गाडी कुठली, कुणालाच सांगता येईना.

गटाचं मत पडलं की प्रसंग छान झाला, फक्त पुढे काही सुचलं नाही. सुचलं नाही हे खरं, पण का सुचलं नाही हे बघायला हवं. मुलाने दिलेलं वाक्य भरलेलं होतं. भुसावळचं स्टेशन, म्हणजे केळीचा मुलूख. एक बाई एवढा घड एकटीने उचलून नेतेय, म्हणजे कुणासाठी तरी, कुठे तरी लांब. यातून मुंबईच्या मुलीकडे जाणारी आई निघाली असती, घड ठेवायला बर्थ मागणारी भांडखोर बाई निघाली असती. इम्प्रोव्हमध्ये अशा वाक्याला ऑफर म्हणतात: समोरच्याने कथेत टाकलेली कुठलीही माहिती, मग ती शब्दाने असो, हाताने असो वा नुसत्या सुरातून. आणि ती खोटी ठरवण्याला म्हणतात ब्लॉक करणं. इथे पहिली ऑफर ब्लॉक झाली, मग दुसरी, मग तिसरी. जमिनीवर वीटच राहिली नाही तर घर कशावर बांधणार?

नवशिक्यांना ब्लॉक करण्याची सवय लागते ती हशामुळेच. अपेक्षा मोडली की प्रेक्षक हसतात, आणि नट समजतो की हेच करायचं. ब्रिटिश नाट्यशिक्षक कीथ जॉन्स्टन यांनी ऑफर आणि ब्लॉक या कल्पना नीट मांडल्या, आणि नटाला ब्लॉकवरच्या हशाचा मोह का पडतो हेही सांगितलं. हशा मिळतो तो क्षणाचा, त्याची किंमत पुढचा सगळा प्रसंग मोजतो.

दुकानदार काकांना हे पटलं नाही. ते लहानपणापासून तमाशाचे शौकीन. त्यांचं म्हणणं, सोंगाड्या तर शब्दाला शब्द उलटवूनच हसवतो, मग ते चालतं कसं? प्रश्न बरोबर होता. पण तमाशात गण झाला, गवळण झाली, आणि बतावणीनंतर वग येणार हे फडाला आणि प्रेक्षकाला दोघांनाही ठाऊक असतं. सोंगाड्याने कितीही उलटवलं तरी खालचा सांगाडा उभाच असतो. इम्प्रोव्हमध्ये सांगाडा नसतो. दोन नट बोलता बोलता तोच तर उभा करत असतात. म्हणून शिकागोच्या कंपास प्लेयर्स या मंडळींनी, ज्यांचा पहिला प्रयोग 1955 साली झाला, पुढे सेंट लुईसमध्ये काम करताना स्वतःसाठी जे नियम ठरवले त्यात समोरच्याने उभं केलेलं वास्तव नाकारायचं नाही हा नियम आला. आज नवशिक्यांना तो ‘यस, अँड’ या नावाने शिकवतात. आम्ही सरावात ‘हो, आणि’ म्हणत होतो. ‘हो’ म्हणजे तू सांगितलंस ते या कथेत खरं आहे. ‘आणि’ म्हणजे त्यावर माझा एक थर.

आता खेळाकडे. नवशिक्यांसाठी हा फार प्रचलित खेळ आहे: गटाने मिळून एखाद्या समारंभाचा बेत ठरवायचा, तोही तीन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत प्रत्येक वाक्य ‘नाही’ने सुरू करायचं, दुसरीत ‘हो, पण’ने, तिसरीत ‘हो, आणि’ने. मी 12 जणांचे दोन गोल केले, सहा खेळणारे आणि सहा बघणारे. फेरी दोन मिनिटांची. हिवाळा होता, त्यामुळे विषय शोधायला लांब जावं लागलं नाही: भरीत पार्टी.

‘नाही’ची फेरी झकास झाली. “आसोद्याला शेतावर करू.” “नाही, शेतावर थंडी वाजेल, गच्चीवर करू.” “नाही, गच्चीवर धूर होईल, शेजारी भांडतील.” “नाही, शेजाऱ्यांना बोलावूच नका.” सगळे जोशात होते. दोन मिनिटांनी बेत शून्यावर. यावर जास्त बोलायची गरज पडली नाही.

‘हो, पण’मध्ये वकीलसाहेब फुलले. “हो, शेतावर करू, पण रात्री परत कसं यायचं?” “हो, गाडी करू, पण ड्रायव्हर जेवणार कुठे?” ही फेरी फसवी असते. कान बंद करून नुसते चेहरे बघितले तर वाटेल सहकार्य चाललंय. पण प्रत्येक जण आधीच्याच्या गळ्यात एक काम अडकवून मोकळा होत होता. फेरी संपल्यावर नर्सताई म्हणाल्या, “मला सारखं वाटत होतं मी तोंडी परीक्षा देतेय.” ही फेरी ओळखायची खूण म्हणजे आवाज हळूहळू खाली जातात आणि वाक्यांच्या शेवटी प्रश्नचिन्हं वाढत जातात. घरात खरीखुरी पार्टी ठरवताना ‘पण’ लागतोच, नाहीतर वांगी विसरून लोक शेतावर पोचतील. कथा उभी करताना मात्र तो ब्रेकवर पाय ठेवतो.

मग ‘हो, आणि’ची फेरी. माझ्या मते हे सगळं प्रकरण या फेरीतच आहे, कारण बहुतेक ठिकाणी इथे टाळ्या वाजतात आणि सराव पुढे सरकतो.

“रविवारी शेतावर भरीत पार्टी करू.”
“हो, आणि डीजे लावू!”
“हो, आणि हत्तीवरून मिरवणूक काढू!”
“हो, आणि हेलिकॉप्टरमधून वांगी टाकू!”
“हो, आणि सगळे चंद्रावर जाऊ!”

हसून हसून पुरेवाट. शब्द बरोबर, जोश बरोबर, एकदाही कुणी नाकारलं नाही. मी बघणाऱ्यांपैकी एका ताईंना विचारलं, “काय काय ठरलं, सांगा बरं?” त्या बोटं मोजू लागल्या: “डीजे, हत्ती, हेलिकॉप्टर, चंद्र.” “आणि भरीत?” “भरीत राहिलंच की हो.”

ही कसोटी मी नेहमी वापरते. बाहेरच्या माणसाला बेत परत सांगायला लावायचा. त्याने गोष्ट सांगितली, अमुक झालं म्हणून तमुक करायचं असं, तर फेरी जमली. त्याने यादी सांगितली तर ‘हो’ कुणी कुणाला म्हटलंच नव्हतं. हत्तीवाल्याला डीजेशी काही देणंघेणं नव्हतं, हेलिकॉप्टरवाल्याला हत्तीशी नव्हतं. हा नम्रपणे केलेला ब्लॉकच. आधीचं नाकारलं नाही, पण वापरलंही नाही, म्हणजे ते टाकूनच दिलं.

असं होतं ते कान दुसरीकडे असल्यामुळे. तिसऱ्या जागेवरचा माणूस पहिल्याचं वाक्य चालू असतानाच आपलं हेलिकॉप्टर तयार करत असतो. आपल्या वाक्याला हशा मिळाला पाहिजे ही काळजी त्याला असते, आणि आधीच्यापेक्षा मोठं काहीतरी बोललं तरच हशा मिळेल असा हिशोब असतो. खुणा शोधल्या तर दिसतात. समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच ‘हो, आणि’ बाहेर पडतो. नजर बोलणाऱ्याकडे नसते, छताकडे असते. आणि प्रत्येक वाक्य आधीच्याहून आकाराने मोठं होत जातं, चौथ्या-पाचव्या वाक्याला पृथ्वी संपते.

उपाय म्हणून मी खेळात दोन अटी घातल्या. एक, ‘हो’नंतर आधीच्या माणसाच्या वाक्यातली एक वस्तू, जागा किंवा माणूस त्याच नावाने उच्चारायचं, आणि जे जोडायचं ते त्यातूनच निघालं पाहिजे. दोन, जोडलेली गोष्ट लहान हवी, इतकी लहान की खऱ्या भरीत पार्टीत ती घडू शकेल. पहिल्या अटीमुळे वाक्य संपेपर्यंत ऐकावंच लागतं. दुसरीमुळे हेलिकॉप्टर जमिनीवर राहतं. वकीलसाहेब म्हणाले, “मग विनोद कुठून येणार?” मी म्हटलं, बघू या.

गोलातली बसण्याची जागाही बदलली. तोवर काका किंवा वकीलसाहेब सुरुवात करत आणि पोरं मान डोलावत. आपल्याकडे हे होतंच. वयाने मोठ्या माणसाला पोरगा ‘हो काका’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. तो ‘हो’ अदबीचा असतो, ‘आणि’ त्याच्या मागून येत नाही. मग गोष्टीतली सगळी नवी माहिती दोनच माणसांकडून येते, हे मोजून बघता येतं. म्हणून सुरुवात सगळ्यात धाकट्याकडे दिली आणि काकांना त्याच्या लगेच पुढे बसवलं, म्हणजे त्याचं वाक्य उचलणं काकांना भाग पडावं.

मुलगा म्हणाला, “रविवारी आसोद्याला काकांच्या शेतावर भरीत पार्टी करू.”

काका: “हो, माझ्या शेतावर, आणि कपाशी नुकतीच उपटलीय, म्हणजे वांगी भाजायला पऱ्हाट्या तिथेच आहेत.”

शिक्षिका: “हो, पऱ्हाट्यांवरच भाजू, आणि पऱ्हाट्यांचा जाळ आपल्याला कुणाला सांभाळता येत नाही, तर आबांना बोलवावं लागेल.”

वकील जरा थांबले. हे थांबणं मला फार आवडलं, कारण ते ऐकून मग विचार करत होते. “हो, आबांना बोलवू, आणि आबा आले म्हणजे मिरच्या किती घालायच्या ते आबाच ठरवणार.”

नर्स: “हो, आबांच्याच मापाने मिरच्या, आणि नेमके पुण्याचे जावई त्या दिवशी पहिल्यांदा येणारेत.”

इथे हशा फुटला, आणि तो हत्तीच्या हशापेक्षा वेगळा होता. सहावी जागा बँकेतल्या एका ताईंची होती. “हो, जावई येणारेत, आणि आबा त्यांना पहिला घास स्वतःच्या हाताने भरवणार.”

सहा वाक्यांत एक माणूस उभा राहिला, त्याचा दरारा उभा राहिला, आणि एक बिचारा जावई त्याच्या तावडीत सापडला. नर्सताईंनी जावई आणला तेव्हा तो वरवर पाहता हत्तीसारखाच बाहेरून आला होता. फरक असा की तो मिरच्यांसाठी आला होता. त्याच्या येण्याने आधीच्या वाक्याचं वजन वाढलं. हत्ती आल्याने डीजेचं काहीच वाढलं नव्हतं. जोडलेली गोष्ट नवी असायला हरकत नाही, तिने मागच्याला अधिक महत्त्वाचं केलं पाहिजे. बाहेर बसलेल्या ताईंना मी पुन्हा बेत विचारला. त्यांनी तो पऱ्हाट्यांपासून घासापर्यंत एका दमात सांगितला, आणि वर म्हणाल्या, “त्या जावयाचं काही खरं नाही.”

यानंतर नर्सताईंनीच तो प्रश्न विचारला जो जवळजवळ प्रत्येक गटात येतो, फक्त कधी उशिरा. “जावई म्हणाला, मी नाही खाणार, तर तो ब्लॉक झाला का?” नाही झाला. पात्र नाही म्हणू शकतं, नटाने नाही म्हणायचं नसतं. जावई जेव्हा ‘मी खाणार नाही’ म्हणतो तेव्हा आबा आहेत, भरीत आहे, ते जहाल तिखट आहे, हे सगळं त्याने मान्यच केलेलं असतं. उलट त्याच्या घाबरण्याने ते तिखट आणखी तिखट होतं. ‘हे भरीत नाही, श्रीखंड आहे’ असं तो म्हणाला असता तर मात्र नटाने मागच्या सहा जणांचं काम पुसलं असतं. नवशिके हा फरक न कळल्यामुळे सगळ्या पात्रांना गोड, होकारार्थी करून ठेवतात, आणि मग प्रसंगात कुणाला काही हवंच नसतं.

हे बोलून समजत नाही म्हणून काकांना आबा आणि मुलाला जावई करून लगेच खेळवलं.

“आबा, मला डॉक्टरांनी तिखट बंद सांगितलंय.”
“असं? कुठले डॉक्टर?”
“पुण्याचेच.”
“मग बरोबर आहे त्यांचं. त्यांनी पुण्याची मिरची बंद केली असेल. ही आपली आसोद्याची आहे.”

काका स्वतःच या वाक्यावर चकित झाले. ते सुचलं कसं असं विचारलं तर म्हणाले, “मी काही शोधलं नाही, त्याने पुणे म्हटलं म्हणून आलं.” डॉक्टर आहे हे त्यांनी मानलं, तिखट बंद आहे हेही मानलं, आणि दोन्ही मानूनच जावयाला कोपऱ्यात घेतलं. आबा जावयाला कडाडून विरोध करताहेत आणि नट नटाला पूर्ण साथ देतोय, हे एकाच वाक्यात दिसलं. तमाशाबद्दलच्या त्यांच्या प्रश्नाचंही उत्तर यात आहे असं मला वाटतं, पण ते त्यांना मी सांगितलं नाही.

नियमाची एक मर्यादा त्याच आठवड्यात समोर आली. एका प्रसंगात दोघा पुरुषांनी नर्सताईंना सून केलं आणि एकापाठोपाठ एक ऑफर तिला घालूनपाडून बोलण्याच्या येत गेल्या. ताई ‘हो, आणि’ म्हणत राहिल्या, कारण खेळ तसा आहे असं त्यांना वाटलं. चेहरा मात्र पडलेला होता. मी प्रसंग तोडला. ‘हो’ कथेतल्या माहितीला असतो. अंगाला हात लावणं, खेळणाऱ्या माणसाची जात, रंग, शरीर यावरून बोलणं, याला ‘हो’ म्हणायचं बंधन कुणावर नसतं. तेव्हापासून गटात ठरलं की कुणीही ‘कट’ म्हणू शकतं, कारण विचारायचं नाही, आणि लगेच नवा प्रसंग सुरू करायचा. एक-दोनदाच कुणी तो शब्द वापरला, पण तो असल्यामुळे ताई पुन्हा मोकळेपणाने खेळू लागल्या.

पुढचा सराव साधाच होता. आधी सहाच्या गोलात बेताची फेरी, विषय बदलून: आखाजीचा झोका कुठल्या झाडाला बांधायचा, कानबाईच्या रोटांना गहू कुणी दळायचा. मग जोडीजोडीने तीन वाक्यांचे प्रसंग. पहिलं वाक्य ऑफर, दुसऱ्यात तिच्यातली एक गोष्ट घेऊन भर, तिसऱ्यात दुसऱ्यातली घेऊन भर, आणि तिथेच थांबायचं. तीन वाक्यांत कोण, कुठे आणि काय चाललंय हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. जमत आलं तसा ‘हो, आणि’ हे शब्द उच्चारणं बंद केलं, कारण प्रयोगात कुणी तसं बोलत नाही. पहिली अट मात्र शेवटपर्यंत ठेवली. दुसरी, लहान गोष्टीची, हळूहळू सैल केली. पाया पक्का झाल्यावर हत्ती आला तरी चालतो.

स्नेहसंमेलनात प्रेक्षकांनी जागा दिली तहसील कचेरी. शिक्षिकाबाई शेतकरीण होऊन अर्ज घेऊन आल्या, वकीलसाहेब टेबलामागे बसले. बाई म्हणाल्या, “साहेब, माझ्या उताऱ्याचं काय झालं?” समोर भरलेलं मैदान, आणि वकीलसाहेबांच्या तोंडून जुनी सवय निसटली: “ही तहसील कचेरी नाहीये, बाई!” हशा झाला. भुसावळ स्टेशनचा प्रसंग इथेच मेला होता. यावेळी बाईंनी त्या नाकारण्यालाच ऑफर मानलं.

“तेच म्हणते मी! चार महिने या रांगेत उभी राहतेय, आणि कुणी सांगितलंच नाही की ही कचेरी नाही!”

वकीलसाहेब सावरले. “ही दूध डेअरी आहे.”

“तरीच! अर्ज दिला की दर वेळी हातात अर्ध्या लिटरची पिशवी देतात.”

“पिशव्यांची पोच आणलीय का?” वकीलसाहेबांनी विचारलं. बाईंनी पदराची गाठ सोडून चार महिन्यांच्या रिकाम्या पिशव्या टेबलावर मोजायला सुरुवात केली.